एक लाख चौदा हजारांचे डिझेल

प्रवासखर्च : ₹१,१४,०००. निधी मागणाऱ्या संस्थांच्या अंदाजपत्रकात अशी एक ओळ हटकून असते. आकडा खोटा नसतो, पण वाचणाऱ्याला तो पडताळता येत नाही. आणि पडताळता न येणारा आकडा दिसला की कंपनीच्या सीएसआर विभागातला माणूस त्यावर पेन फिरवतो आणि ऐंशी हजार करतो. म्हणून अंदाजपत्रकाला खर्चाचे स्पष्टीकरण जोडायचे असते. कोष्टकातली प्रत्येक ओळ कुठून आली, हे त्यात साध्या वाक्यांत सांगायचे.

समजा, एका तालुक्यातल्या ४० जिल्हा परिषद शाळांत जीपमधून फिरती प्रयोगशाळा न्यायची आहे. प्रत्येक शाळेत महिन्यातून एकदा, वर्षाकाठी १० महिने, म्हणजे ४०० भेटी. दिवसाला दोन शाळा होतात, तेव्हा २०० दिवस. रोजची सरासरी फेरी ६० किलोमीटर, एकूण १२,००० किलोमीटर. जीप लिटरला १० किलोमीटर धावते, म्हणजे १,२०० लिटर डिझेल, आणि भाव ९५ रुपये धरला तर बरोबर १,१४,०००. आता हे वाचणारा फार तर ‘फेरी ६० किलोमीटरच कशी?’ असे विचारील. त्याला शाळांची यादी आणि अंतरे दाखवता येतात. वाद अंतरावर होईल, रकमेवर नाही.

साहित्याचेही तसेच. ‘सूक्ष्मदर्शक ६ नग’ एवढे लिहून भागत नाही. वर्गात ३० मुले, पाचांच्या गटाला एक, म्हणून सहा. जीप एका वेळी एकाच शाळेत असते, म्हणून सहाच पुरतात, हेही लिहावे. दर तीन दुकानांच्या कोटेशनवरून घेतला असेल आणि सर्वांत स्वस्त सोडून मधले निवडले असेल, तर त्याचे कारण (दुरुस्ती जिल्ह्याच्या गावी होते, वगैरे) एका ओळीत यावे. किंमत कर धरूनच लिहावी. जीएसटीची नोंदणी नसलेल्या संस्थेला भरलेला कर परत मिळत नाही. तो खर्चच असतो आणि नेमका तोच विसरला जातो.

खरी अडचण पगारांपाशी येते. जीपबरोबर जाणारे दोन शिक्षक समजण्यासारखे असतात. फक्त शाळा १० महिने आणि पगार १२ महिने का, हे सांगावे लागते. उरलेल्या दोन महिन्यांत साहित्याची दुरुस्ती आणि शिक्षकांचे प्रशिक्षण होत असेल, तर तसे लिहावे. होत नसेल, तर १० महिन्यांचाच पगार मागावा. समन्वयक मात्र संस्थेची आणखी दोन कामे पाहतो. त्याचा पगार ३०,००० असेल आणि या कामाला त्याचा ३० टक्के वेळ जात असेल, तर महिन्याला ९,००० आणि वर्षाला १,०८,०००. जाणता परीक्षक इथे थांबतो, कारण अशा माणसाचे टक्के प्रत्येक देणगीदाराकडे वेगवेगळे लिहिले जातात आणि त्यांची बेरीज कधी कधी १४० भरते. संस्थेचे लेखापरीक्षण झाले की हे उघडे पडते.

कार्यालयाचे भाडे, वीज, हिशेबनीसाचा पगार यांना बहुतेक संस्था घाबरतात. कारण एक ऐकीव नियम : सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. ती मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीने स्वतःचे सीएसआरचे कामकाज चालवण्यावर केलेल्या खर्चाला आहे. शिक्षण प्रकल्पातल्या शिक्षकांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, असे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकातही स्पष्ट केले आहे. तरीही काही कंपन्या करारात संस्थेवर आपली वेगळी मर्यादा घालतात, ती आधी विचारून घ्यावी. भीतीपोटी भाडे ‘प्रशिक्षण साहित्य’ या शीर्षाखाली घुसडणे सर्वांत वाईट. वर्षाअखेर उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर पावत्या मागितल्या की प्रशिक्षणाची पावती म्हणून घरमालकाची पावती लावता येत नाही. त्यापेक्षा ‘कार्यालयातल्या तीनपैकी एक खोली या साहित्याला लागते, म्हणून भाड्याचा एक तृतीयांश’ हे वाक्य मान्य होण्याचा संभव अधिक. ‘किरकोळ : ५०,०००’ ही ओळ मात्र काढूनच टाकावी, तिचे समर्थन कुणालाच करता आलेले नाही.

स्पष्टीकरण किती लांब असावे? सगळ्या ओळींना सारखी जागा देण्याची गरज नाही. खडू-कागदाला अर्धे वाक्य पुरते. मोठी रक्कम आणि विचित्र वाटणारी रक्कम, या दोन ठिकाणी परिच्छेद खर्च करावा.

याचा उपयोग वाटाघाटीत सर्वांत जास्त होतो. कंपनी म्हणाली, पैसे कमी करा, तर नुसते कोष्टक हातात असलेली संस्था प्रत्येक ओळीतून थोडे थोडे छाटते आणि मग वर्षभर जीप डिझेलविना उभी राहते. हिशेब मांडलेली संस्था म्हणते, ४० ऐवजी ३२ शाळा घेऊ. भेटी ३२०, दिवस १६०, किलोमीटर ९,६००, डिझेल ९१,२००. सूक्ष्मदर्शक तरीही सहाच लागतील, कारण वर्गातली मुले तेवढीच आहेत. आठ शाळा वगळायच्या की २२,८०० रुपये द्यायचे, हे मग कंपनीने ठरवायचे.