मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग व मुरकुटांचा दंश

मेंढीचे तोंड सुजून लाळ गळू लागली म्हणजे मेंढपाळ तीस कळपातून वेगळी बांधतात व रोग आवरला असे समजतात. नीलजिव्हा रोगात एवढ्याने भागत नाही. हा रोग सहसा एकीच्या स्पर्शाने दुसरीस होत नाही. त्याचे विषाणू मुरकुटे वाहून नेतात. ही गोष्ट दक्षिण आफ्रिकेत १९४४ साली सिद्ध झाली. आपल्या देशात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातच झाली.

मुरकूट म्हणजे एक ते तीन मिलिमीटर लांबीचे, चावरे चिलट. ओला चिखल व शेणकुजीत त्याची पैदास होते, आणि तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत मादी रक्त पिते. यास्तव पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडी पडेपर्यंतचा काळ विशेष धोक्याचा होय.

उदाहरणार्थ, गोठ्यातील म्हशीच्या रक्तात विषाणू आहेत, पण ती बाहेरून निरोगी दिसते. १ ऑक्टोबरला मुरकुटाने तिचे रक्त प्यायले. त्याच्या अंगी विषाणू वाढण्यास उष्ण हवेत सुमारे दहा दिवस लागतात. ११ तारखेस ते मेंढीस चावले, तर १८ तारखेच्या सुमारास तीस ताप चढेल. म्हणजे आज आजारी दिसणारी मेंढी आठवड्यापूर्वीच दंशली गेली, आणि त्याच रात्री आणखी किती दंशल्या गेल्या हे आज डोळ्यांस दिसत नाही.

म्हणून एक मेंढी आजारी होताच सर्व कळप रोज सकाळी तपासावा. निरोगी मेंढीचा ताप सुमारे १०२ ते १०३ अंश फॅरेनहाइट असतो. या रोगात तो १०५ ते १०७ पर्यंत जातो. मेंढी चारा सोडून मागे रेंगाळते, नाकातून पाणी येते, ओठ व चेहरा सुजतात. पुढे खुराच्या वरच्या कडेस तांबडी रेघ उमटून ती लंगडते. जीभ निळी होणे हे थोड्याच मेंढ्यांत आढळते; तिची वाट पाहू नये. लाळ्या-खुरकुतात तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, तसे येथे येत नाहीत. तरी पक्का निर्णय रक्ततपासणीनेच होतो, यास्तव पशुवैद्यास त्वरित कळवावे.

आजारी मेंढीस सावली, मऊ चारा व पाणी द्यावे; विषाणूंवर थेट औषध नाही. कळप सूर्यास्तापूर्वी उंच, कोरड्या जागी, गोठा व उकिरड्यापासून दूर न्यावा. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून मुरकुटे शिरतात, हे ध्यानी असावे. आपल्याकडे मिळणारी लस पाच प्रकारच्या विषाणूंविरुद्ध आहे, आणि विषाणूंचे प्रकार चोवीसहून अधिक आहेत. म्हणून ती पशुवैद्याच्या सल्ल्याने पावसाळ्यापूर्वीच टोचावी, व टोचल्यावरही आश्विन-कार्तिकात सकाळची तपासणी सोडू नये, असे आमचे सांगणे आहे.