‘रॉयल्टी फ्री’ म्हणजे फुकट नव्हे!

जाहिरातपटासाठी इंटरनेटवरून संगीत, दृश्ये आणि फॉन्ट घेणे आता सोपे झाले आहे. मात्र ‘रॉयल्टी फ्री’ या शब्दांचा अर्थ ‘मोफत’ असा नाही. एकदा शुल्क भरल्यावर प्रत्येक वापरासाठी वेगळे मानधन द्यावे लागत नाही, एवढाच तो आहे. वापर कशासाठी आणि कोठे करायचा, याच्या अटी परवान्यात असतातच.

समजा, नाशिकच्या एका हॉटेलसाठी मिनिटभराची चित्रफीत तयार करायची आहे.

संगीत : निवडलेल्या धुनेवर CC BY-NC असे लिहिले असेल, तर ती बाजूला ठेवावी. NC म्हणजे व्यावसायिक वापरास मनाई. ND असेल तरीही उपयोग नाही. कारण धून दृश्याशी जुळवणे हा या परवान्यांत मूळ कृतीतील बदल मानला जातो. नुसते CC BY असल्यास श्रेय देऊन धून वापरता येते. विकत घेतानाही सावध राहावे. अनेक स्वस्त योजना स्वतःच्या वाहिनीपुरत्याच असतात. ग्राहकाची जाहिरात त्यात बसत नाही.

दृश्ये : रामकुंडावरील गर्दीचे दृश्य आकर्षक वाटते; पण त्यावर Editorial use only अशी सूचना असल्यास ते बातमी वा माहितीपटापुरतेच वापरता येते. त्यात दिसणाऱ्या व्यक्तींची लेखी संमती बहुधा घेतलेली नसते. जाहिरातीसाठी संमतीपत्र असलेलेच दृश्य निवडावे.

फॉन्ट : Personal use only असा फॉन्ट हॉटेलच्या नावासाठी चालत नाही. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ यांसारखे Open Font License खालील देवनागरी फॉन्ट व्यावसायिक कामात वापरता येतात. विकतच्या फॉन्टबाबत चित्रफीत आणि बोधचिन्ह या दोहोंना परवानगी आहे का, हे वाचावे.

स्थानिक संगीतकाराकडून धून करून घेतली, तर करार लेखी हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १९ नुसार हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर हक्क भारतापुरते मर्यादित राहतात. कलम ३०अ मुळे परवान्यालाही हेच लागू होते. इंटरनेटवरील जाहिरात परदेशातही दिसते. त्यामुळे ‘जगभर’ हा शब्द आणि मुदत करारात स्पष्ट लिहून घ्यावी.

अखेरीस प्रत्येक घटकाची पावती, परवान्याची प्रत आणि उतरवून घेतल्याची तारीख एका फोल्डरमध्ये ठेवावी. संकेतस्थळावरील अटी पुढे बदलू शकतात. शिवाय परवाना वैध असूनही यूट्यूबची Content ID यंत्रणा एखाद्या धुनेवर हक्क सांगू शकते. अशा वेळी हरकत नोंदवताना हीच कागदपत्रे कामी येतात. परवाना निर्मात्याच्या नावावर असेल, तर ग्राहकाला चित्रफीत वापरण्याचा हक्क त्यातून मिळतो का, हे चित्रफीत सुपूर्द करण्यापूर्वीच पाहावे.