शस्त्रक्रिया टळते, फेऱ्या टळत नाहीत

बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या व्यापाऱ्यास गुदाशयाचा कर्करोग निघाला, गाठ गुदद्वारालगत असली, तर शस्त्रक्रियेनंतर बहुधा पोटावर कायमची पिशवी येते. गुदाशय त्याभोवतीच्या चरबीच्या वेष्टनासह अखंड काढावा, हे बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडले; वेष्टन फाटल्यास रोग उलटण्याचा धोका वाढतो. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी मात्र किरणोपचार व केमोथेरपीने गाठ पूर्ण विरघळलेल्या निवडक रुग्णांवर केवळ नजर ठेवली. त्यासाठी बोटाची तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय, तिन्हींत गाठीचा मागमूस नको. तरीही सुमारे चौघांपैकी एकाची गाठ परतते, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. वेळीच दिसली तर शस्त्रक्रिया बहुतेकदा शक्य असते. म्हणून दर तीन महिन्यांनी मुंबई वा नागपूर गाठावे लागते. दिवाळीच्या हंगामात दुकान सोडवणार नसेल, त्याने आधीच शस्त्रक्रिया करून घेतलेली बरी.