ठेव ठेवायला गेलात आणि पॉलिसी घेऊन आलात?

ठेवीची मुदत संपली की बँकेत आपली अचानक विचारपूस वाढते. समजा, साताऱ्यातल्या 62 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेची 1 लाखाची एफडी संपली. बँकेतला तरुण म्हणतो, "काकू, एफडीत आता काय मिळतं? ही आमच्याच बँकेची स्कीम घ्या. पाच वर्षं ठेवा, व्याज जास्त." काकू टॅबवर सही करतात, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगतात. पासबुकात मात्र पैसे विमा कंपनीच्या नावाने वजा झालेले दिसतात. ठेव झालेलीच नसते. झालेली असते ती दहा वर्षं दरवर्षी 1 लाख भरायची विमा पॉलिसी.

इथे बँक ही कंपनीची एजंट असते आणि विक्रीवर तिला कमिशन मिळतं. कंपनीच्या नावात बँकेचंच नाव असलं की गिऱ्हाइकाला दोन्ही एकच वाटतात. मार्च जवळ आला की टार्गेटचा ताण वाढतो आणि केबिनमधला चहाही.

फसगत झाली की नाही, हे ओळखायला पॉलिसीसोबत येणारी प्रस्ताव अर्जाची प्रत उघडावी. बहुतेक लोक तिच्याकडे बघतही नाहीत, पण खरी गोष्ट तिथेच असते. काकूंच्या अर्जात व्यवसाय 'शिकवणी वर्ग' आणि उत्पन्न 8 लाख लिहिलेलं असू शकतं, कारण पेन्शनवर एवढा हप्ता मंजूर झाला नसता. ईमेल पत्ता भलत्याच कुणाचा तरी, म्हणजे कंपनीची पत्रं काकूंपर्यंत पोचायलाच नकोत. 'हप्ते भरण्याची मुदत' आणि 'पॉलिसीची मुदत' हे दोन आकडे वेगवेगळे असतात, तेही पाहावेत. आणखी एक खूण म्हणजे, "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा" असं आधीच बजावलेलं असतं. त्या फोनचं रेकॉर्डिंग होतं आणि पुढे ते आपल्याच विरोधात वापरलं जातं. लॉकर किंवा कर्ज हवं तर विमा घ्याच, असं सांगणंही नियमात बसत नाही.

यातून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे फ्री लूक. विमा नियामक 'इर्डाई'च्या 2024 च्या नियमांनुसार पॉलिसीचा दस्तऐवज हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. दिवस मोजायचे ते दस्तऐवज मिळाल्यापासून. पैसे कापले गेल्यापासून नव्हे. पण ईमेलने आलेली पॉलिसीही मिळालेलीच धरतात, म्हणून इनबॉक्स पाहावा आणि कागदी प्रत आली तर तिचं पाकीट तारखेसकट जपावं.

पैसे जवळपास सगळे परत मिळतात. जेवढे दिवस विम्याचं संरक्षण होतं तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च, एवढंच कापलं जातं. काकूंचं विमा संरक्षण 10 लाखांचं आणि वीस दिवस उलटले असतील, तर मुद्रांकाचे 200 रुपये आणि जोखमीचे समजा 700 धरले तरी 99,100 रुपये हाती येतात. युलिप असेल तर युनिटच्या त्या दिवशीच्या भावाप्रमाणे रक्कम थोडी खाली-वर होते. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे असतात.

घोळ होतो तो अर्ज कुठे द्यायचा, यावर. काकू बँकेत जातात. तोच तरुण गोड बोलतो, "मी करतो कॅन्सल, साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या आठवड्यात या." असे चार आठवडे गेले की खिडकी बंद. म्हणून अर्ज थेट विमा कंपनीला द्यावा. तिच्या शाखेत दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवावा. त्यात पॉलिसी क्रमांक, दस्तऐवज मिळाल्याची तारीख, 'फ्री लूकखाली रद्द करावी' एवढे स्पष्ट शब्द आणि कारण लिहावं. सोबत रद्द केलेला चेक जोडावा. पुढच्या हप्त्यासाठी खात्यावर ऑटो डेबिटचा आदेश दिलेला असतो, तोही बँकेकडून बंद करून घ्यावा.

30 दिवस उलटले असतील तर वाट अवघड आहे. पॉलिसी सरेंडर केली तर सुरुवातीच्या वर्षांत भरल्यापेक्षा बरंच कमी मिळतं, त्यामुळे घाईने तो फॉर्म भरू नये. आधी फसवून विकल्याची लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. अर्जातलं खोटं उत्पन्न आणि परका ईमेल पत्ता तिथे पुरावा म्हणून कामी येतो. पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंगही मागावं. 'इर्डाई'च्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात लोकपालाची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही. काकूंनी स्वतःच बोलायचं असतं.