टँकरचं पाणी आणि गच्चीवरचा टॉवर

सहा-सात मजली कार्यालयाच्या किंवा रुग्णालयाच्या गच्चीवर पंखा फिरत असलेली मोठी पेटी दिसते, ती म्हणजे कूलिंग टॉवर. तळघरातला चिलर सुमारे ७ अंश सेल्सियसचं थंड पाणी इमारतभर फिरवतो. खोल्यांमधली उष्णता घेऊन ते पाणी सुमारे १२ अंशांवर परत येतं. ही उष्णता चिलरच्या कंडेन्सरमध्ये दुसऱ्या पाण्याला दिली जाते, आणि ते पाणी टॉवरमध्ये जाऊन थंड होतं. म्हणजे प्लँटमध्ये दोन वेगळी पाणी असतात, एक बंद नळ्यांमधलं आणि दुसरं उघड्या हवेतलं. प्लँटचे बहुतेक आजार या उघड्या पाण्यातून येतात.

टॉवरमध्ये पाणी वरून पसरतं, खालून-बाजूंनी हवा वर ओढली जाते आणि थोडं पाणी वाफ होऊन उडतं. उरलेलं पाणी त्यामुळेच थंड होतं. वाफ शुद्ध पाण्याची असते, क्षार मात्र मागेच राहतात. मिठागरात जे मुद्दाम घडवतात, तेच इथे नकळत घडतं. म्हणून टॉवरमधलं थोडं पाणी सतत गटारात सोडावं लागतं. ऑपरेटर याला ब्लीड किंवा ब्लोडाऊन म्हणतात. उडालेल्या आणि सोडलेल्या पाण्याच्या जागी येणारं ताजं पाणी म्हणजे मेकअप. टॉवरमधले क्षार मेकअपच्या किती पट झाले, त्या आकड्याला सायकल म्हणतात.

पुण्यातल्या एखाद्या इमारतीतला २०० टनांचा प्लँट डोळ्यांसमोर आणू. पूर्ण भारावर त्याच्या टॉवरमधून तासाला साधारण १,२०० लिटर पाणी उडतं. महापालिकेचं धरणाचं पाणी बरंच मऊ असतं, त्यामुळे ६ सायकल ठेवायला हरकत नसते. उडणाऱ्या पाण्याला सायकल वजा एक, म्हणजे ५ ने भागलं की ब्लीड मिळतं : तासाला २४० लिटर. ऑपरेटर व्हॉल्व्ह तेवढा उघडून ठेवतो आणि सगळं सुरळीत चालतं.

मग एप्रिल येतो, नळाचं पाणी कमी पडतं आणि बोअरचं पाणी घेऊन टँकर यायला लागतात. टाकी भरते, प्लँट चालू राहतो, व्हॉल्व्हकडे मात्र कुणी बघत नाही. आता मेकअपमध्ये लिटरला २०० मिलिग्रॅम कॅल्शियमचा जडपणा आणि ८० मिलिग्रॅम क्लोराइड आहे असं धरू. काही दिवसांनी टॉवरचं पाणी तपासलं, तर क्लोराइड ४८० निघतं, बरोबर सहापट. जडपणाही सहापट, म्हणजे १,२०० व्हायला हवा, पण तो ७०० च भरतो. अहवाल वरवर पाहणाऱ्याला हा आकडा दिलासा देतो, आणि खरी चूक इथेच होते. क्लोराइड कशावर सहज बसत नाही, ते पाण्यातच राहतं. कॅल्शियम पाण्यात कमी दिसतंय, कारण ते वाटेत कुठेतरी बसलंय.

किती बसलंय, तेही काढता येतं. तासाला १,४४० लिटर मेकअपबरोबर २८८ ग्रॅम जडपणा आत येतो. २४० लिटर ब्लीडबरोबर १६८ ग्रॅम बाहेर जातो. उरलेले १२० ग्रॅम आतच राहतात. दहा तास पूर्ण भारावर प्लँट चालला, तर दिवसाला सव्वा किलोच्या आसपास चुनखडी आत जमा होते. उपाय साधा आहे : सायकल ३ वर आणायच्या, म्हणजे ब्लीड तासाला ६०० लिटर करायचं. पाणी जास्त जातं, पण क्षारही बाहेर जातात. स्केल रोखणारं औषधही या नव्या पाण्यानुसार ठरवून घ्यावं लागतं. औषधाने मर्यादा थोडी वाढते, ब्लीडची गरज संपत नाही.

ही चुनखडी आधी कंडेन्सरच्या नळ्यांत बसते. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेट मात्र पाणी तापलं की बाहेर पडतं, आणि टॉवरचं पाणी सर्वांत जास्त इथेच तापतं. नळ्या उघडल्याशिवाय हे ओळखता येतं. चिलरच्या पॅनेलवर कंडेन्सरमधल्या गॅसचं संतृप्त तापमान दिसतं. त्यातून कंडेन्सरबाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान वजा करायचं. या फरकाला अप्रोच म्हणतात. नळ्या स्वच्छ असताना तो अनेक यंत्रांत एक-दोन अंश असतो. तेवढ्याच भारावर तो चार-पाच अंशांवर गेला, तर नळ्यांत थर बसलाय असं समजावं, मात्र पाण्याचा प्रवाह कमी झालेला नाही आणि गॅसमध्ये हवा शिरलेली नाही, याची खात्री आधी करावी. गॅसचं तापमान एका अंशाने वाढलं की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. मऊ गाळ नायलॉनच्या ब्रशने निघतो. कडक थराला नळ्यांना चालणारं आम्ल फिरवावं लागतं, आणि ते काम जाणकारानेच करायचं.

थर बसण्याची दुसरी जागा म्हणजे फिल. टॉवरच्या पोटात पीव्हीसीच्या नालीदार पत्र्यांचे गठ्ठे असतात. त्यांवर पाण्याचा पातळ पडदा पसरतो आणि हवेला पाण्याचा मोठा पृष्ठभाग मिळतो. वरचा एखादा नोझल तुंबला की त्याखालचा भाग अर्धवट कोरडा पडतो. तिथे शिंतोडे येतात, वाळतात आणि पांढरा थर धरतात. पंप चालू असताना खालून टॉर्च मारून बघावं. निरोगी फिलखाली सगळीकडे सारखा पाऊस पडतो. तुंबलेल्या फिलखाली काही ठिकाणी जाड धारा आणि काही ठिकाणी कोरडे पट्टे दिसतात. गाळ कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जास्त दाबाच्या जेटने पातळ पत्रे फाटतात. थर दगडासारखा झाला असेल, तर फिल बदललेलं बरं, कारण त्या वजनाने गठ्ठे खचतात. नोझल दुरुस्त न करता नवं फिल घातलं, तर त्याचीही तीच गत होते.

टॉवरचं कोमट पाणी जिवाणूंनाही मानवतं. त्यातला लीजनेला १९७६ साली फिलाडेल्फियात झालेल्या न्यूमोनियाच्या साथीनंतर ओळखला गेला, आणि तो टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात जातो. म्हणून क्लोरीन किंवा ब्रोमीनची मात्रा नियमित तपासावी, तळाच्या टाकीतला गाळ काढावा आणि तुषार अडवणाऱ्या वरच्या पट्ट्या तुटलेल्या ठेवू नयेत. टॉवर धुताना कामगाराला साध्या रुमालावर भागवायला लावू नये, नीट बसणारा रेस्पिरेटर द्यावा.

बंद नळ्यांमधल्या थंड पाण्याचा नियम बरोबर उलटा आहे. ते सोडायचं नसतं आणि त्यात वारंवार भरही घालायची नसते. प्रत्येक नव्या भरीबरोबर प्राणवायू आत जातो, गंज धरतो आणि गंजरोधक औषध पातळ होतं. या मेकअपला वेगळा मीटर बसवावा. तो महिनाभर जवळजवळ हलता कामा नये. हलत असेल तर गळती शोधावी.

सोसायटीच्या किंवा संस्थेच्या व्यवस्थापकाने रसायनशास्त्र शिकण्याची गरज नाही. देखभाल कंत्राटदाराकडून दरमहा मेकअप आणि टॉवर या दोन्ही पाण्यांचे क्लोराइड आणि कॅल्शियमचे आकडे मागावेत, दोन्हींच्या सायकल वेगवेगळ्या काढाव्यात आणि रोजचा अप्रोच लॉगबुकात लिहून घ्यावा. पाण्याचा स्रोत बदलला, तर पहिला टँकर रिकामा होण्याआधी ब्लीडचा व्हॉल्व्ह नव्याने लावावा.