फटका आधी पायांत ठरतो

एकेरी बॅडमिंटनमध्ये खेळाडूच्या वाट्याला ५.१८ मीटर रुंद आणि ६.७० मीटर लांब कोर्ट येते. शटल मागच्या कोपऱ्यात उंच आले की क्लिअर, ड्रॉप की स्मॅश, हा निर्णय हाताचा वाटतो. खरे तर तो पाय कुठे पोहोचले यावर ठरतो.

प्रतिस्पर्ध्याने शटल मारताच खेळाडू मध्याजवळ हलकी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरतो. यालाच स्प्लिट स्टेप म्हणतात. मग उजव्या हाताचा खेळाडू उजवा पाय मागे टाकून अंग आडवे वळवतो आणि सरकत्या पावलांनी शटलच्या मागे जातो. उजव्या पायावरून उसळी घेताना हवेतच पायांची अदलाबदल होते. डावा पाय मागे टेकतो आणि तोच अंग पुढे ढकलतो. शटल डोक्याच्या किंचित पुढे, उंचावर सापडले तर तिन्ही फटके मोकळे असतात आणि समोरच्याला अंदाज लागत नाही.

शटल डोक्यामागे गेले, वजन टाचांवर राहिले, तर स्मॅश उताराऐवजी सपाट जातो किंवा नेटमध्ये अडकतो. अशा वेळी उंच क्लिअरच बरा. पिसांवर हवेचा रोध मोठा असल्याने शटल शेवटी जवळजवळ सरळ खाली पडते आणि मध्याकडे परतायला वेळ मिळतो. स्मॅशचे गणित उलटे आहे. तो अडवून नेटजवळ टाकला गेला, तर क्षणात पुढे धावावे लागते. म्हणून शटल आखूड आले आणि तोल पुढे असला, तरच पूर्ण ताकदीचा स्मॅश परवडतो. प्रतिस्पर्धी मागे रेंगाळला असेल, तर तेवढ्याच उसळीतून ड्रॉप टाकावा. मात्र तोल गेलेला असताना टाकलेला मंद ड्रॉप त्याला नेटवर आयता मिळतो.

बंगळुरूत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंच आहे. हवा विरळ असल्याने समुद्रकाठी मागच्या रेषेच्या आत पडणारा क्लिअर इथे बाहेर जाऊ शकतो. म्हणून मंद गतीची शटल निवडतात.

याच शहरात घडलेल्या प्रकाश पदुकोण यांनी १९८० च्या ऑल इंग्लंड अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असे हरवले. किंग आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता होता आणि त्याचा उडी मारून केलेला स्मॅश गाजलेला होता. पदुकोण यांनी वेगाला वेग दिला नाही. ड्रॉप आणि हाफ स्मॅशने लय मोडली. हाफ स्मॅशमध्ये ताकद कमी आणि उतार तीव्र असतो. अंग फारसे झोकून द्यावे लागत नसल्याने खेळाडू उतरताच पुढच्या पावलासाठी मोकळा होतो, आणि शटल उचलून देण्याची पाळी समोरच्यावर येते.