दत्तकपत्र, न्यायालयाचा आदेश आणि जन्मदाखल्यावरचे नाव

दत्तक मुलाचे आईवडील कोण, हे कागदावर सिद्ध करण्याचे मार्ग दोन आहेत. नात्यातले मूल हिंदू कुटुंबात थेट घेतले असेल, तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालचे दत्तकपत्र चालते. मूल संस्थेतून आले असेल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याखालचा आदेश लागतो. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर 2022 पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी दांपत्याला दत्तकपत्राचा मार्ग नाही. नात्यातले मूलही त्यांना बाल न्याय कायद्यानेच घ्यावे लागते.

अडचणी जास्त येतात त्या दत्तकपत्राच्या मार्गावर. समजा, थोरल्या भावाची 4 वर्षांची मुलगी धाकट्या भावाने दत्तक घेतली. धाकट्याला एक मुलगा आहे, मुलगी नाही; म्हणून कायदा आड येत नाही. मुलगी 15 वर्षांच्या आतली हवी आणि दत्तक पित्यापेक्षा किमान 21 वर्षांनी लहान हवी, या अटीही पुऱ्या होतात. पण दत्तक होते ते कागदामुळे नव्हे, तर मूल प्रत्यक्ष देण्याघेण्यामुळे. घरातल्या चार माणसांसमोर आईवडिलांनी मुलगी दुसऱ्या दांपत्याच्या ओटीत घातली, ही घटना मूळ, आणि दत्तकपत्र हा तिचा पुरावा. त्यामुळे ती कोणत्या तारखेला, कुठे झाली हे दत्तकपत्रात लिहिलेले असावे.

त्या कागदाला वजन येते ते कलम 16 मुळे. देणारा आणि घेणारा या दोघांच्या सह्या असलेले दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले, की दत्तक कायद्याप्रमाणेच झाले असे न्यायालय गृहीत धरते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर पडतो. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने हे होत नाही. सही झाल्यापासून 4 महिन्यांत कागद नोंदणीला द्यावा लागतो. जन्मदात्या आईची आणि दत्तक आईची संमतीही त्यातच घेतलेली बरी, कारण एका पालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देता येत नाही आणि पत्नीच्या संमतीशिवाय पतीला घेता येत नाही. जन्मदाते हयात नसतील, तर आजीआजोबांना आपल्या सहीने मूल देता येत नाही. तिथे पालकाने आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, आणि तो आदेश दत्तकपत्राला जोडावा लागतो. इथे एक गल्लत नेहमी होते: पालक म्हणून नेमणुकीचा आदेश म्हणजे दत्तकाचा आदेश नव्हे. त्याने मुलाचा ताबा मिळतो, आईबाप बदलत नाहीत.

आता वरच्या उदाहरणातली मुलगी पहिलीत जाते. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा तिला नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 14 सांगते. खरा प्रश्न जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिले जाते हा आहे. दोघा भावांचे आडनाव एकच, त्यामुळे बदलते ते फक्त मधले नाव, आणि ते सहज नजरेतून सुटते. दत्तकपत्र पाहून शाळेने नव्या वडिलांचे नाव लिहिले आणि जन्मदाखल्यावर जुनेच राहिले, तर त्या दिवशी कुणाचे अडत नाही. पुढे शाळा सोडल्याचा दाखला एक सांगतो आणि जन्मदाखला दुसरेच.

म्हणून दत्तकपत्र नोंदले की ते घेऊन आधी जन्माची नोंद झाली त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावे. जन्म-मृत्यू निबंधक नोंदीत दत्तक आईवडिलांची नावे घेऊन नवा दाखला देतो. जन्मतारीख आणि जन्मस्थळ तेच राहते. काही ठिकाणी न्यायालयाचा आदेश आणा असे सांगून माणसाला परत पाठवले जाते. कलम 16 दाखवून नोंदणीकृत दत्तकपत्रावरच दुरुस्तीचा लेखी अर्ज करावा आणि नकार आला तर तोही लेखी मागावा, कारण पुढच्या अपिलाला तोच कागद लागतो. न्यायालयाची गरज खरोखर पडते ती दत्तकपत्रच नसेल किंवा कुणी दत्तकावर हरकत घेतली असेल तेव्हा. त्या वेळी दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा करावा लागतो.

पासपोर्टचा नियम वरवर सोपा वाटतो. डिसेंबर 2016 पासून देशांतर्गत दत्तक मुलासाठी नोंदणीकृत दत्तकपत्राची सक्ती नाही. दत्तकपत्र नसेल तर साध्या कागदावरची घोषणा चालते. पण त्या घोषणेने जन्मदाखल्यावरचे नाव बदलत नाही, आणि नावे जुळली नाहीत तर अर्ज अडकू शकतो. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलाला तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. या मुलीचा जन्म त्याआधीचा, तरी तिच्याही बाबतीत क्रम तोच ठेवावा: नवा जन्मदाखला, त्यावरून शाळेची नोंद आणि आधार, आणि मग पासपोर्ट. दत्तकपत्राची निबंधकाकडची प्रमाणित प्रत मात्र प्रत्येक वेळी सोबत न्यावी.

मूल नात्यातले नसून रुग्णालयातून किंवा मध्यस्थाकडून घेतले असेल, तर दत्तकपत्र कितीही नीट लिहिले तरी ते वाचवत नाही. अनाथ, सोडून दिलेले किंवा स्वाधीन केलेले मूल ठरलेली पद्धत डावलून घेणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम 80 खाली गुन्हा आहे. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.